चॅट टूलच्या जुन्या व्हर्जनला डेअरीचं बिल वाचता येईना, नव्याला येतं. असं का होतं?

गोठाघर

नमस्कार मंडळी. आमच्या दोन गाई आहेत, दूध गावातल्या डेअरीला जातं. दर दहा दिवसांनी ए-फोर कागदावर बिल मिळतं. सकाळ-संध्याकाळ धरून वीस ओळी आणि रकाने असे: तारीख, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. सासूबाई घरी रोजचं लिटर कॅलेंडरवर लिहून ठेवतात आणि मी बिल आलं की ताळा करते.

मागच्या वर्षी मोबाईलवरच्या एका चॅट टूलला बिलाचा फोटो देऊन म्हटलं, याचा तक्ता करून दे. तक्ता झाला छान, पण आकडे बघितले तर ६.४ लिटरचे ८.४, फॅट ३.८ ची ३.३, आणि मधेच एका ओळीचा दर दुसऱ्या ओळीला चिकटवलेला. दोन-तीनदा करून बघितलं, प्रत्येक वेळी वेगळ्या चुका. नाद सोडून दिला.

गेल्या आठवड्यात त्याच टूलचं नवीन व्हर्जन आलं. सहज म्हणून तोच जुना फोटो, गॅलरीतलाच, परत दिला. वीसपैकी सतरा ओळी बिनचूक! फोटो तोच, फोन तोच. मग बदललं काय? उगाच उत्सुकता आहे. कुणाला माहीत असेल तर साध्या भाषेत सांगा. (अकराव्या आणि बाराव्या ओळीत अजून घोळ आहे, आणि एका ओळीची रक्कम जुळत नाहीये. ते बघते आहे.)

फिरस्ता_७७

सोपं आहे. नव्या व्हर्जनमध्ये ओसीआर घातलाय. आधी नव्हता. आता फोटोतली अक्षरं आधी वेगळी काढतात आणि मग मजकूर म्हणून टूलला देतात. विषय संपला.

सुगरणबाई

मला उलट अनुभव. नवीन व्हर्जनला माझ्या भाचीच्या बारशाचा फोटो दिला, म्हटलं मागचा पसारा काढ. पसारा काढला, पण आत्याचा चेहराच बदलला. नाक वेगळंच. जुनं बरं होतं, सरळ "जमणार नाही" म्हणायचं.

गोठाघर

सुगरणबाई, तो फोटो बदलण्याचा प्रकार झाला. माझा प्रश्न फोटो *वाचण्याचा* आहे. पण आत्याचं वाचून हसू आलं.

पिक्सेलपंत

कागद स्कॅन करून त्याचा मजकूर करून देणं हा माझा पोटाचा धंदा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

फिरस्ता, अर्धं बरोबर. काही टूल खरंच पडद्याआड वेगळा ओसीआर चालवतात, विशेषतः पीडीएफ दिली तर. पण गोठाघर ताईंनी सांगितलेल्या चुका ओसीआर नसल्याच्या नाहीत. आकडे फक्त ओसीआरनेच दिसत असते, तर तो नसताना टूलला ते दिसलेच नसते. इथे दिसले, पण धुरकट. हे कमी पिक्सेलचं लक्षण आहे.

ताईंच्या टूलच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक नाही, त्या कंपन्या सगळं सांगतही नाहीत. पण ज्याचं सगळं उघडं आहे असं एक मॉडेल घेऊन बघू: लाव्हा. त्याचं १.५ व्हर्जन ऑक्टोबर २०२३ चं आणि १.६ जानेवारी २०२४ चं. तीन-चार महिन्यांचं अंतर, पण फोटोतला मजकूर वाचण्यात मोठा फरक. आणि गंमत अशी की दोघांचा "डोळा" एकच आहे, क्लिप नावाचा. तो ३३६ बाय ३३६ पिक्सेलचा चौकोनच बघू शकतो. तुम्ही फोनवरून ३००० बाय ४००० चा फोटो द्या नाहीतर आणखी मोठा, १.५ मध्ये तो आधी आकसून ३३६ मध्ये बसवला जातो.

आता ताईंचं बिल घ्या. ए-फोरची लांबी २९७ मिलिमीटर. ती ३३६ पिक्सेलमध्ये कोंबली, म्हणजे एका मिलिमीटरला जेमतेम सव्वा पिक्सेलही नाही, १.१३. बिलावरचा आकडा साधारण २ मिलिमीटर उंच असणार. म्हणजे अख्खा आकडा दोन-सव्वादोन पिक्सेलचा! इंग्रजी ८ आणि ३ मधला फरक काय, तर डावीकडच्या दोन बारीक कमानी. सव्वादोन पिक्सेलात त्या कुठून उरणार? दशांशचिन्ह तर पुसलंच जातं. तरी टूलने ३.३ लिहिताना टिंब दिलं, कारण फॅट ३३ नसते एवढं त्याला कळतं. टिंब *दिसलं* म्हणून नव्हे.

ओळी का सरकल्या तेही यातच आहे. हा डोळा चित्र एकेक पिक्सेल बघत नाही, १४ बाय १४ पिक्सेलचे तुकडे करून बघतो. ३३६ मध्ये असे २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ तुकडे. तुमच्या बिलावर एक तुकडा म्हणजे सुमारे १२ मिलिमीटरचा चौकोन. बिलाची एक ओळ साधारण आठ मिलिमीटरची धरली तर एका तुकड्यात दीड ओळ आली. मग वरच्या ओळीचा दर खालच्या ओळीला चिकटला तर नवल काय?

१.६ मध्ये केलं काय, तर तोच डोळा कागदाजवळ नेला. फोटो ६७२ बाय ६७२ पर्यंत ठेवायचा, त्याचे चार चौकोन करायचे, प्रत्येक चौकोन वेगळा बघायचा, आणि शिवाय एक आकसलेला अख्खा फोटो, एकूण मांडणी कळावी म्हणून. चष्मा बदलला नाही, कागद चार वेळा डोळ्यासमोर धरला.

निशाचर

पंत, मस्त. पण ६७२ ला सुद्धा तुमच्याच हिशोबाने मिलिमीटरला सव्वादोन पिक्सेल, म्हणजे आकडा साडेचार पिक्सेलचा. तेवढ्यात ८ आणि ३ ओळखू येतात?

पिक्सेलपंत

नाही येत, किंवा कधी येतात कधी नाही. आमच्या धंद्यात आकडा दहा पिक्सेलच्या खाली गेला की मी गिऱ्हाईकाला परत स्कॅन करायला सांगतो. म्हणून लाव्हा १.६ ला पूर्ण ए-फोरचं बारीक बिल दिलं तर तेही चुकेल. ताईंच्या टूलने सतरा ओळी बरोबर काढल्या, म्हणजे त्याला यापेक्षा बरेच जास्त पिक्सेल मिळत असणार. उदाहरणार्थ जीपीटी-४ओ च्या कागदपत्रांत पद्धत दिलेली होती: जास्त तपशिलाच्या मोडमध्ये फोटोची लहान बाजू ७६८ करायची आणि ५१२ चे चौकोन पाडायचे. ए-फोरची लहान बाजू २१० मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरला ३.६६ पिक्सेल, आकडा सात पिक्सेलचा. त्याचाच कमी तपशिलाचा मोड मात्र फोटो ५१२ च्या एका चौकोनात बसवतो. म्हणजे व्हर्जन एकच असूनही कुठल्या वाटेने फोटो गेला त्यावर दिसणं बदलतं. क्लॉडच्या माहितीत लांब बाजू १५६८ पिक्सेलपर्यंत ठेवत असल्याचं लिहिलेलं असायचं. शिवाय एकूण पिक्सेलवरही मर्यादा असायची, त्यामुळे ए-फोरच्या कागदावर तोच आकडा साडेआठ-नऊ पिक्सेलचा होतो.

पहिल्यापासूनच सगळे जास्त पिक्सेल का देत नव्हते, असं कुणीतरी विचारणारच. कारण प्रत्येक तुकडा मॉडेलला शब्दासारखा वाचावा लागतो. लाव्हा १.५ ला एका फोटोचे ५७६ टोकन, १.६ ला जास्तीत जास्त पाचपट, २८८०. तेवढा वेळ, तेवढी मेमरी, तेवढा खर्च.

फिरस्ता_७७

मान्य. पण मग हे "नवीन मॉडेल हुशार आहे" वगैरे सगळं पिक्सेलवरच का?

पिक्सेलपंत

सगळं नाही. लाव्हा १.६ मध्ये शिकवण्याचं खाद्यही बदललं. दस्तऐवजांवरची प्रश्नोत्तरं, आलेख, आकृत्या असं सामान वाढवलं. तक्ता डावीकडून उजवीकडे वाचायचा असतो हे मॉडेलला कुणीतरी हजारो तक्ते दाखवूनच शिकवावं लागतं. मात्र त्यातली कृत्रिम तयार केलेली कागदपत्रं इंग्रजी होती. म्हणून इंग्रजी आकड्यांत सुधारणा भरपूर आणि देवनागरीत तशी नाही. ताई, बिलावर नाव मराठीत असेल तर ते तपासा बरं.

गोठाघर

तपासलं! आमचं आडनाव बिलावर मराठीत आहे. जुन्याने ते सोडूनच दिलं होतं. नव्याने लिहिलंय, पण शिंदेचं शिंगे केलंय. सासूबाई म्हणाल्या, "बाई, जातगोत बदललं की गं यानं."

मोडीवेडा

पंतांच्या शेवटच्या मुद्द्यावर माझी कथा. पणजोबांचं मोडीतलं एक पत्र आहे, साधारण पाऊण पान. स्वच्छ स्कॅन, ६०० डीपीआय, म्हणजे पिक्सेलची गरिबी नाही. जुन्या व्हर्जनने सांगितलं, "हे कुठल्यातरी भारतीय लिपीतलं हस्ताक्षर दिसतं, वाचता येत नाही." नव्याने सलग बारा ओळी "वाचून" दिल्या. श्रीमंत, विज्ञापना, कृपा लोभ असावा, सगळा थाट. मला मोडी थोडी येते. पहिल्या ओळीतला "श्री" सोडला तर त्यातलं एक अक्षर पत्रात नाही. पत्र बैल विकल्याचं आहे आणि टूलने लिहिलंय कुणाच्या तरी आजारपणाबद्दल!

म्हणजे नवं व्हर्जन "फोटो चांगला वाचतं" हे मी तरी म्हणणार नाही. चांगलं सोंग करतं.

निशाचर

मोडीवेडा, तुमचं उदाहरण वेगळं आहे हो. तिथे शिकलेलंच नाही, मग पिक्सेल कितीही द्या. निरक्षर माणसाला भिंग दिल्यासारखं.

मोडीवेडा

वेगळं नाही. निरक्षर माणूस भिंग घेऊन खोटं वाचत नाही.

पिक्सेलपंत

दोघंही बरोबर, आणि ताईंच्या बिलाला हे लागू आहे. नव्याचं भाषेचं अंग जास्त तयार झालेलं असतं, त्यामुळे जिथे दिसत नाही तिथे अंदाज जास्त *पटण्यासारखा* येतो. जुन्याची चूक विचित्र असते म्हणून सापडते. नव्याची चूक नीट भांग पाडून येते.

दिसतंय की अंदाज चाललाय हे ओळखायला माझ्या दोन युक्त्या. पहिली: फोटो स्वतः लहान करून बघा. संगणकावर इमेजमॅजिक असेल तर

```
magick bill.jpg -auto-orient -resize 336x336 lahan.png
```

आणि मग lahan.png उघडून मोठा करून बघा. तुम्हालाच आकडे वाचता येत नसतील, आणि टूल तरीही धडाधड आकडे सांगत असेल, तर ते कागद वाचत नाहीये. (-auto-orient विसरू नका. आडवा धरून काढलेल्या फोटोत "मला फिरवून दाखव" एवढी खूण असते, पिक्सेल आडवेच पडलेले असतात. काही टूल ती खूण बघतच नाहीत आणि मग मॉडेलला बिल आडवं दिसतं. असल्या चुका लोक मॉडेलच्या नावावर खपवतात.)

दुसरी: कागदावर मुद्दाम अशक्य आकडा लिहा. गाईच्या दुधाची फॅट ९.७ असं एका ओळीत छापा किंवा पेनने करा. टूलने ३.७ लिहिलं तर त्याने आकडा बघितला नाही, रीत बघितली.

निशाचर

मी काल रात्री हे करून बघितलं. घरच्या जीपीयूवर लाव्हाची दोन्ही व्हर्जन आहेत, सात अब्जवाली. बिल नव्हतं म्हणून ताईंसारखा वीस ओळींचा तक्ता छापला, दोन मिलिमीटरचे आकडे, एका ओळीत ९.७. पूर्ण पानाच्या फोटोवर १.५ ने जे दिलं त्याला तक्ता म्हणणं धाडसाचं होईल, आणि ९.७ कुठेच नव्हतं. १.६ ने रकाने बरोबर ठेवले, आकडे निम्मेशिम्मे चुकले.

मग पाच-पाच ओळींच्या पट्ट्या कापून दिल्या, साधारण २१० बाय ५० मिलिमीटरच्या. १.६ ला १३४४ बाय ३३६ ची लांबट मांडणीही चालते, त्यात अशी पट्टी जवळजवळ नेमकी बसते. मिलिमीटरला ६.४ पिक्सेल! एक आकडा सोडून सगळं बरोबर, ९.७ सुद्धा. तेच मॉडेल, तोच कागद.

फिरस्ता_७७

म्हणजे नव्या व्हर्जनची वाट बघण्यापेक्षा कात्री बरी.

पिक्सेलपंत

बऱ्याचदा हो. फक्त प्रत्येक पट्टीला वरचा शीर्षकाचा भाग जोडा, नाहीतर कुठला रकाना फॅटचा आणि कुठला एसएनएफचा हे टूल परत अंदाजाने ठरवेल. आणि फोटो व्हॉट्सॲपवरून घेतलेला नको. साधा पाठवलेला फोटो तिथे आधीच आकसलेला असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ राहतो.

गोठाघर

पट्ट्यांचं करून बघते. पण माझ्या अकराव्या-बाराव्या ओळीचं काय? नव्या व्हर्जनमध्ये तिथलेच एसएनएफ एकमेकांच्या जागी जातात. तीन वेळा दिलं, तीनही वेळा तिथेच.

निशाचर

शिवण! वीस ओळींच्या तक्त्यात अकरा-बारा म्हणजे पानाचा मध्य. चौकोन पाडताना रेघ तिथून गेली असणार. वरचा अर्धा आकडा एका चौकोनात, खालचा दुसऱ्यात. तुकडे पाडण्याची ही किंमत आहे, अख्खा फोटो बघणाऱ्या जुन्याला ही अडचण नव्हती.

पिक्सेलपंत

असेल, पण मी पैज लावणार नाही. आता बरीच मॉडेल असे ठोक चौकोन पाडत नाहीत. क्वेन २-व्हीएल घ्या, ते फोटोचा मूळ आकार बराचसा तसाच ठेवून घेतं, २८ बाय २८ पिक्सेलला एक टोकन, त्यामुळे मोठ्या चौकोनांची शिवण येतच नाही. ताईंचं टूल कुठल्या पद्धतीचं आहे हे आपल्याला माहीत नाही. घडी असू शकते, बिल खिशात मधोमध दुमडलेलं असतं.

तपासायचं असेल तर फोटोच्या वर पांढरी पट्टी जोडा, ओळी खाली सरकतील. शिवणीमुळे चूक असेल तर ती दुसऱ्या ओळींवर जाईल. घडीमुळे असेल तर अकरा-बारावरच राहील.

गोठाघर

करून बघितलं. मुलाने फोटोवर वर दोन बोटं पांढरं जोडून दिलं. आता अकरा-बारा बरोबर आले, आणि दुसरीकडेही चूक नाही! मग याला काय म्हणायचं? (घडी आहे, पण ती नवव्या ओळीवर आहे.)

निशाचर

शिवणच. सरकून दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत गेली.

पिक्सेलपंत

किंवा पांढरं जोडल्याने फोटोचं प्रमाण बदललं आणि सगळाच फोटो वेगळ्या मापाने आकसला. एका फोटोवरून ठरत नाही. चार-पाच वेगवेगळ्या उंचीच्या पट्ट्या लावून बघावं लागेल.

सुगरणबाई

तुम्ही लोक बिलासाठी जेवढं करताय तेवढ्यात माझी हाताने चार बिलं ताळून झाली असती. पण वाचायला मजा येतेय, चालू द्या.

गोठाघर

सुगरणबाई, खरंय 😀 पण आता ऐका. ती रक्कम न जुळणारी ओळ होती ना, सतरावी? ती सापडली.

टूलने लिहिलं होतं: ६.९ लिटर, दर ३३.५०, रक्कम २३१.१५. गुणाकार बरोबर आहे. पण सगळ्या रकमांची बेरीज बिलाच्या एकूण रकमेपेक्षा १०.०५ ने जास्त येत होती. मी समजत होते टूलने कुठल्यातरी दुसऱ्या ओळीत चूक केलीय. सगळ्या ओळी शोधल्या, नाही. शेवटी कागद उन्हात धरून बघितला. छापलेले लिटर ६.६ होते, त्यावर डेअरीतल्या मुलाने पेनने ६.९ केलंय, सासूबाईंच्या कॅलेंडरवरही ६.९ च आहे. पण रक्कम कुणी बदललीच नाही, ती छापलेली २२१.१० च आहे. म्हणजे ६.६ ची.

टूलने लिटर बरोबर वाचले, दर बरोबर वाचला, आणि रक्कम वाचायच्या ऐवजी *गुणून* टाकली! मी नेमकी हीच चूक शोधायला ताळा करते, आणि याने ती झाकून दिली.

मोडीवेडा

बघा. म्हटलं नव्हतं?

फिरस्ता_७७

आईशप्पथ. जुन्या व्हर्जनने काय लिहिलं होतं त्या ओळीत?

गोठाघर

जुन्याचा तक्ता अजून आहे माझ्याकडे. लिटर ८.६, दर ३३.६०, रक्कम २२१.१०. रक्कम तेवढी बरोबर! ती कशी आली देव जाणे.

पिक्सेलपंत

योगायोगही असेल. रकमेच्या रकान्याचा ठसा गडद असतो का? पाच आकडी असल्याने टूलला धरायलाही जास्त मिळतं. पण नव्याने गुणून टाकलं हे मात्र अगदी ओळखीचं आहे, आमच्याकडे हॉटेलच्या बिलांवर हेच होतं. सतराव्या ओळीची फक्त पट्टी कापून द्या, दराचा रकाना अंगठ्याने झाकून फोटो काढा. गुणायला दर मिळाला नाही तर ते रक्कम वाचेल.

गोठाघर

केलं. २२१.१० आलं.

उद्या सकाळी दूध घालायला जाताना बिल घेऊन जाते. दहा रुपये पाच पैसे. सासूबाई म्हणतात, पाच पैसे सोडून दे त्याला.